आयबीएस म्हणून सांगितलंय, पण आत मोठं काही नाही हे कसं कळायचं? (मुलगा, वय २७, इंदूर)

वैजू_सुदामानगर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, भंवरकुआंला एमपीपीएससीचा क्लास करतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत एका लग्नाला गेलो होतो, तिथून आल्यावर त्याला पाच दिवस जुलाब, ताप, सलाइनपण लावावं लागलं. ते बरं झालं पण पोट काही पहिल्यासारखं झालं नाही. सकाळी तीन-चारदा जावं लागतं, आधी मुरडा येतो आणि जाऊन आलं की बरं वाटतं, कधी चिकट आव पडते, मग दोन दिवस एकदम ठीक. परीक्षा जवळ आली की जास्त. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि आयबीएस आहे, म्हणजे आतडं हळवं झालंय पण आत सूज-जखम नाही, टेन्शन घेऊ नको म्हणाले, बस. तपासणी काही नाही.

आता चार महिन्यांत वजन ६८ चं ६३ झालंय. रात्री एक-दीड वाजता पण संडासला जातो. नळी घालून मोठं आतडं आतून बघतात ती कोलोनोस्कोपी करूनच घ्या असं शेजारच्या ताई म्हणतात. क्लासमधल्या मित्राने सांगितलं म्हणून त्याने दोन महिन्यांपासून गहू पूर्ण सोडलाय, गॅस कमी झाला म्हणतो. मला झोप लागत नाहीये. कोलोनोस्कोपी करावी का? आयबीएस आणि आतड्याचा खरा आजार यातला फरक घरच्या माणसाने कशावरून ओळखायचा?

छप्पनचा_भिया
ताई, इंदूरमध्ये राहून पोहे-जलेबी नि वरून मूठभर सेव, मग दुपारी कचोरी, पोट बिचारं कुठे तक्रार नोंदवणार 😀 पण वजन पाच किलो म्हणजे चेष्टा नाही, दाखवा लवकर.

कमल_आजी
बाळाला बेलाचा मुरंबा द्या आणि रात्री ईसबगोल. आमच्या यजमानांना तीस वर्षं असंच होतं, काही झालं नाही त्यांना. ताक द्या जिरं घालून.

मुकुंद_लष्कर
ग्वाल्हेरहून लिहितोय. हे शंभर टक्के डोक्यातून येतं. माझं बँकेत असताना ऑडिटच्या आठवड्यात असंच व्हायचं, रिटायर झालो, बंद. परीक्षेच्या आधी वाढतं हे तुम्हीच लिहिलंय, त्यातच उत्तर आलं. प्राणायाम, सकाळचं चालणं, मोबाइल कमी. टेस्टच्या नादी लागू नका, लॅबवाले एकातून दुसरी काढतात.

बडोद्याची_शर्वरी
मुकुंदकाका, इथे मला थांबवावं लागेल. माहेर इंदूर, आता बडोद्याला असते. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो आजार, सहा वर्षं झाली. माझं पण ताणात वाढायचं. सासरे आयसीयूत होते तेव्हा दिवसाला आठ-दहा वेळा. सगळ्यांनी टेन्शनच म्हटलं. शौचात रक्त दिसायचं त्याला मूळव्याध म्हटलं, सात महिने मलम लावत बसले मी. शेवटी कोलोनोस्कोपीत डाव्या बाजूचं सगळं आतडं सोललेलं निघालं. ताणाने वाढतं म्हणजे आयबीएसच, असं नसतं हो. कोलायटिसवाल्यांचं पण ताणाने भडकतं. त्यामुळे ती खूण दोन्हीकडे बसते, तिच्यावरून निवाडा होत नाही.

मला विचाराल तर माझं वेगळं कशात होतं? गाढ झोपेतून उठून पळायला लागायचं, रात्री तीनला, चारला. ती धावपळ कुणी विचारलीच नाही आणि मला पण सांगायची लाज वाटली.

पॅथॉलॉजीवाला
वैजूताई, मी डॉक्टर आहे पण रोगी तपासणारा नाही, लॅबमध्ये बसणारा, बावीस वर्षं इंदूरलाच. म्हणून निदान सांगणार नाही, पण चार गोष्टी विचारतो, त्या तुमच्या डॉक्टरांना पण लागतीलच.

रात्री एक-दीडला जातो तेव्हा तो झोपेतून उठून जातो की जागाच असतो? वजन कमी झालं तेव्हा जेवण आधीइतकंच होतं का? रक्त कधी दिसलं का, काळी डांबरासारखी शी झाली का? आणि हिमोग्लोबिन शेवटचं कधी केलं?

पहिल्या प्रश्नावर जरा जोर देतो कारण शर्वरीताईंनी तेच सांगितलंय. आयबीएसमध्ये माणूस झोपला की आतडंही बरंचसं निवांत होतं. सकाळी जाग आल्यावर, चहा पोटात गेल्यावर गडबड सुरू होते. सूज किंवा जखम असलेलं आतडं मात्र घड्याळ बघत नाही, ते गाढ झोपेतून उठवतं.

वैजू_सुदामानगर
विचारून आले त्याला. तो दोन-अडीचपर्यंत अभ्यास करतो, त्यामुळे जागाच असतो. एकदा झोपला की सकाळी सातपर्यंत उठत नाही, हे तर मी पण बघते. मला उगाच वाटलं रात्री जातो म्हणजे वाईट.

जेवण कमीच झालंय. पोळी नाही, दूध नाही, रात्रीचं जेवण सोडतो कारण सकाळी क्लासला जाताना बसमध्ये त्रास नको. नुसता भात आणि मुगाची डाळ. रक्त नाही, काळं नाही. हिमोग्लोबिन मागच्या महिन्यात रक्तदान शिबिरात बघितलं होतं, १३.६ सांगितलं, पण वजन कमी झालंय म्हणून आधी रिपोर्ट करून या म्हणाले.

रामबागकर
हा धागा कालपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो. लिहितोच. वय ५६. मला आयबीएस तिशीपासून. खरा आयबीएस, तेव्हा सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. वीस-पंचवीस वर्षं त्याच्यासोबत काढली, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, मला त्याचा स्वभाव पाठ होता.

दोन वर्षांपूर्वी स्वभाव बदलला. पूर्वी जाऊन आलं की दुखणं थांबायचं, आता उजवीकडे बारीक दुखणं दिवसभर राहायला लागलं. जिना चढताना धाप लागायची. मी म्हटलं वय झालं. राजवाड्यावरून घरापर्यंत चालत यायचो ते रिक्षा करायला लागलो. फॅमिली डॉक्टरांना सांगितलं तर फाइल बघून म्हणाले, तुमचं जुनंच आहे. आठ महिने असे गेले. मुलीच्या आग्रहाने रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.६ आणि शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. शौचात रक्ताचा थेंब कधी दिसला नव्हता मला. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ, कॅन्सर. ऑपरेशन झालं, तेवढा भाग काढला, लसिका गाठींमध्ये पसरलं नव्हतं. आज मी ठीक आहे, दर काही महिन्यांनी तपासणी चालू.

तुमच्या मुलाला हेच असेल असं मुळीच म्हणत नाहीये. त्याचं वय वेगळं, रक्त ठीक. एवढंच सांगायचंय की फाइलवर एकदा आयबीएस लिहिलं की नंतरचं सगळं त्याच खात्यात जमा होतं. नवीन दुखणं जुन्याच नावाखाली घालू नका.

बडोद्याची_शर्वरी
काका 🙏 वाचून अंगावर काटा आला. ठीक आहात हे फार बरं.

पॅथॉलॉजीवाला
रामबागकर साहेब, लिहिलंत ते फार बरं केलं. उजव्या बाजूचं आतडं रुंद असतं आणि तिथला मळ पातळ, त्यामुळे गाठ वाढली तरी अडत नाही, आणि रक्त इतकं हळू झिरपतं आणि मळात मिसळतं की डोळ्यांना दिसतच नाही. कळतं ते फक्त हिमोग्लोबिनमधून. म्हणून पुरुषामध्ये किंवा पाळी थांबलेल्या बाईमध्ये लोह कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन गप्प बसायचं नसतं, लोह गेलं कुठे हे शोधायचं असतं.

सीमा_तिलकनगर
मला पण जेवल्यावर छातीत जळजळ होते आणि आंबट ढेकर येतात, हा आयबीएसच का? मी रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी घेते, चार वर्षं.

मंजिरी_राजेंद्रनगर
सीमा, ते वरचं दुकान, हा धागा खालच्या दुकानाचा 🙂 तुझं ॲसिडिटीचं आहे बहुतेक, पण चार वर्षं रोज गोळी म्हणजे डॉक्टरांना एकदा विचार गं.

पॅथॉलॉजीवाला
वैजूताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही सांगितलंत त्यावरून चित्र आयबीएसचंच दिसतंय. दुखणं शौचाशी बांधलेलं, सुरुवात जुलाबाच्या संसर्गानंतर, झोप शांत, रक्त नाही. जोरदार गॅस्ट्रो झाल्यावर साधारण दहातल्या एकाला असं पोट मागे राहतं, जंतू जातो पण आतड्याच्या नसा हळव्या होऊन बसतात. पण वजनाचा मुद्दा आहे, आणि जेवण कमी म्हणून वजन कमी हे आपलं अनुमान आहे. म्हणून कोलोनोस्कोपीच्या आधी दोन साध्या तपासण्या आहेत, त्यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

पहिली शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. आतड्याच्या अस्तराला सूज आली की पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि त्यांच्यातलं हे प्रोटीन मळात उतरतं. सुपारीएवढा नमुना डबीत आणून दिला की झालं. ५० च्या खाली आलं तर कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारांची शक्यता फारच कमी. २५० च्या वर आलं तर आत बघावंच लागतं. मधलं असलं की जरा घोळ होतो. आणि ही तपासणी सुजेसाठी आहे, कॅन्सर नाही हे सांगण्यासाठी नाही. रामबागकर साहेबांच्या वयाच्या माणसाने हिच्या भरवशावर राहू नये.

दुसरी सिलिअक रोगाची, टीटीजी म्हणतात तिला. गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं तो आजार. आपण माळव्यातली माणसं, तीन वेळा गहू खाणारी, त्यामुळे हा शोधायलाच हवा, आणि बाहेरून तो हुबेहूब आयबीएससारखा दिसतो.

मुकुंद_लष्कर
बघा, म्हटलं होतं ना, एकातून दोन टेस्ट निघाल्या. 😐

पॅथॉलॉजीवाला
मुकुंदराव, राग नाही. पण या दोन तपासण्या नीट आल्या तर बऱ्याचदा पुढची महागडी आणि त्रासाची तपासणी वाचते.

वैजू_सुदामानगर
*(११ दिवसांनी)*
पोटविकार तज्ज्ञांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, पण रिपोर्ट आले आणि माझे हातपाय गार पडलेत. कॅलप्रोटेक्टिन १६८. टीटीजी निगेटिव्ह. हिमोग्लोबिन १३.४. सुजेसाठी रक्तातली सीआरपी केली, ती नॉर्मल. १६८ म्हणजे कोलायटिस का? शर्वरी तुझं किती होतं गं?

बडोद्याची_शर्वरी
ताई माझं पहिलं ११०० च्या वर होतं, आणि मला दिवसातून दहादा रक्त पडत होतं. १६८ आणि माझ्यात खूप अंतर आहे. घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका.

पॅथॉलॉजीवाला
ताई, दोन प्रश्न. गेल्या महिनाभरात त्याने दुखण्याची गोळी घेतली का, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कुठलीही? आणि टीटीजीसाठी रक्त दिलं तेव्हा गहू बंदच होता का?

वैजू_सुदामानगर
अरे देवा. हो. मान आणि पाठ दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक रोज एक, साधारण तीन आठवडे. दिवसभर खुर्चीत वाकून बसतो ना. आणि गहू तर बंदच आहे, अडीच महिने झाले.

पॅथॉलॉजीवाला
मग दोन्ही रिपोर्टांवर आत्ता भरवसा ठेवता येत नाही.

या गोळ्यांनी आतड्याच्या अस्तराला बारीक ओरखडे येतात, सूज येते, आणि कॅलप्रोटेक्टिन वाढतं. गोळी थांबवून तीन-चार आठवडे जाऊ द्या आणि पुन्हा करा. मानेसाठी शेक, व्यायाम, लागलीच तर पॅरासिटामॉल, पण तेही डॉक्टरांना विचारून.

टीटीजी तर उलटीच फसली. सिलिअकमध्ये शरीर ग्लूटेनला चिडून अँटिबॉडी बनवतं, आपण त्या मोजतो. गहू बंद केला की चिडायला काही उरत नाही, अँटिबॉडी ओसरतात, आणि आजार असला तरी रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आता त्याला पुन्हा रोज गहू खावा लागेल, एकापेक्षा जास्त जेवणांत, निदान सहा आठवडे, आणि मग रक्त. सोबत एकूण आयजीए पण करायला सांगा, कारण टीटीजीत मोजतो त्या अँटिबॉडी आयजीए प्रकारच्या असतात आणि काही लोकांच्या शरीरात आयजीए बनतच नाही, त्यांची ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

माझ्याकडे महिन्याला असे कितीतरी येतात. नेटवर वाचून आधी गहू सोडतात आणि मग टेस्टला येतात. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम उलटा झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

छप्पनचा_भिया
म्हणजे टेस्टसाठी पोळ्या खायच्या! पोराला सांगा ताई, दाल-बाफल्याची डॉक्टरी चिठ्ठी मिळाली.

रामबागकर
माझं मत वेगळं आहे. चार-सहा आठवडे वाट बघण्यापेक्षा कोलोनोस्कोपी सरळ करून घ्या. एक दिवसाचा त्रास, मनाचा प्रश्न कायमचा मिटतो. मी आठ महिने घालवले, त्याची किंमत मला माहीत आहे.

पॅथॉलॉजीवाला
साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण २७ वर्षं वय, रक्त नाही, हिमोग्लोबिन ठीक, रात्रीची झोप शांत. अशा वेळी आत काही सापडण्याची शक्यता कमी असते आणि मनाचा प्रश्न कायमचा मिटत नाही हेही मी बघितलंय, वर्षभराने तीच माणसं पुन्हा करून घ्यायला येतात. शेवटी निर्णय तज्ज्ञांचा. ते म्हणाले करा, तर करा.

रामबागकर
ठीक. पण मधे रक्त दिसलं, ताप आला, झोपेतून उठायला लागलं तर सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट बघू नका ताई.

ग्वाल्हेरची_नीलू
ताप वरून आठवलं. माझ्या भावाला उजवीकडे खाली दुखायचं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलं, सगळे आयबीएस म्हणायचे. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे टीबी निघाला. डॉक्टर आधी क्रोन्स म्हणत होते, दोन्ही दिसायला सारखेच असतात म्हणे, तुकडा काढून तपासला तरी लगेच नक्की झालं नाही. टीबीची औषधं सहा महिने दिली आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आत बघितलं, जखमा भरत होत्या, तेव्हा कळलं टीबीच. आपल्याकडे हा विचार पण ठेवायला लागतो.

वैजू_सुदामानगर
*(साडेसहा आठवड्यांनी)*
मंडळी, उशीर झाला पण सगळं सविस्तर सांगते.

डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद केली. तज्ज्ञांनी पण अगदी हेच सांगितलं, आधी गोळी थांबवा, गहू सुरू करा, मग बघू. सकाळी दोन, रात्री दोन पोळ्या असं सहा आठवडे खाल्लं. पहिले दहा दिवस गॅसने हैराण झाला, माझ्यावर चिडायचा. पण रात्रीचं जेवण पुन्हा सुरू झालं आणि वजन ६३ वरून साडेपासष्ट. म्हणजे वजन जेवणामुळेच गेलं होतं. कॅलप्रोटेक्टिन ४१. टीटीजी नॉर्मल, आयजीए पण पुरेसं. डॉक्टर म्हणाले सध्या कोलोनोस्कोपीची गरज दिसत नाही, आयबीएस, जुलाबाकडे झुकणारा. त्यांनी वीस मिनिटं बोलून समजावलं, त्यानेच पोरगा अर्धा सावरला.

आता नवीन पंचाईत. रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिलीय. मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची गोळी आहे. मुलगा म्हणतो, म्हणजे डॉक्टर मला वेडा समजतात, आणि गोळी टेबलावर पडून आहे.

मुकुंद_लष्कर
शेवटी निघालं ना डोक्यातलंच? मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

निवृत्त_फार्मसिस्ट
मुकुंदराव, हे डोक्यातलं वाक्य त्या पोराला लागतंय, म्हणून लिहितो. आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं मोठं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं येणंजाणं सतत चालू असतं. आयबीएसमध्ये आतड्यात फुगा फुगवून केलेले प्रयोग आहेत. फुगा जेवढा फुगवल्याने इतरांना काही वाटत नाही तेवढ्याने या लोकांना दुखतं. आवाज तोच, पण स्पीकरचा व्हॉल्यूम वाढलेला. परीक्षेचा ताण तो व्हॉल्यूम अजून वाढवतो आणि आतड्याची हालचाल पण जोरात करतो. दुखणं खरंच आहे, त्याने मनाने बनवलेलं नाही.

आणि गोळी. डिप्रेशनला हिची मात्रा ७५ पासून दीडशेपर्यंत जाते. १० मिलिग्रॅममध्ये डिप्रेशनचा इलाज होत नाही, तिथे ती नसांचा व्हॉल्यूम कमी करते. २०२३ मध्ये निकाल आलेली ॲटलांटिस नावाची मोठी ट्रायल इंग्लंडमध्ये झाली, साध्या फॅमिली डॉक्टरांच्या आयबीएस रोग्यांवर, १० पासून सुरू करून गरजेप्रमाणे ३० पर्यंत, आणि नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा फरक स्पष्ट दिसला. हिने तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, आणि पोट थोडं बांधतं, जे जुलाबवाल्याला उलट उपयोगी. संध्याकाळी लवकर घेतली तर सकाळची सुस्ती कमी. दोन-तीन आठवडे तरी परिणाम दिसत नाही, चार दिवसांत सोडू नये. आणि दुसऱ्या कुणी हे वाचून मेडिकलवरून आणू नये, हृदयाचा त्रास, काचबिंदू किंवा वाढलेलं प्रोस्टेट असलेल्यांना ही त्रास देते.

मुकुंद_लष्कर
व्हॉल्यूमचं पटलं. पोराला माझ्याकडून सॉरी सांगा ताई. ऑडिटच्या वेळी मला कुणी असं म्हटलं असतं तर मलाही लागलं असतं.

मंजिरी_राजेंद्रनगर
आता टेस्ट झाल्या ना, मग पथ्याचं बोलू. मला अकरा वर्षं आयबीएस आहे. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी लो फॉडमॅप नावाचं पथ्य काढलंय. काही पदार्थांतली साखर लहान आतड्यात नीट शोषली जात नाही, मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढते आणि आंबते, गॅस होतो. ज्यांच्या नसा हळव्या त्यांना तोच गॅस दुखतो.

गंमत म्हणजे गव्हात त्रास देतो तो बहुतेकांना ग्लूटेन नाही, गव्हातली फ्रुक्टान नावाची साखर, आणि तीच साखर कांदा-लसणात भरपूर. म्हणून त्याला गहू सोडून बरं वाटलं तरी सिलिअक निघाला नाही.

मी केलं ते असं. चार आठवडे कांदा, लसूण, दूध, राजमा-छोले बंद, गहू कमी करून ज्वारीची भाकरी आणि भात. पोहे चालतात, ते तांदळाचेच, फक्त कांदा नको आणि सेव चिमूटभर, कारण बेसन. मग एकेक पदार्थ तीन-तीन दिवस परत आणायचा, रोज थोडा वाढवत, आणि वहीत लिहायचं. माझं कळलं की दूध एक कप चालतं, पेलाभर नाही, आणि शिकंजीचा अख्खा ग्लास म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी. गहू दोन पोळ्या ठीक. कांदा मात्र अजिबात नाही. हे पथ्य कायम ठेवायचं नसतं, सगळे इथेच चुकतात, वर्षानुवर्षं भात-मूग खातात आणि वाळतात.

कमल_आजी
मग माझं ईसबगोल बाद का?

पॅथॉलॉजीवाला
मुळीच नाही आजी, उलट तुमचं ईसबगोल पाश्चात्य डॉक्टरही देतात. फक्त एक छोटा चमचा भरपूर पाण्यात, आणि हळूहळू वाढवायचं. गव्हाच्या कोंड्याने मात्र बऱ्याच जणांना गॅस वाढतो. बेलाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

वैजू_सुदामानगर
*(पाच आठवड्यांनी)*
गोळी घेतोय, आता २० वर आहे. सकाळचं तीन-चारदा होतं ते दीड-दोनवर आलंय. प्रीलिम्सच्या आठवड्यात पुन्हा वाढलं, पण घाबरला नाही. वही माझ्याजवळ आहे. दूध आणि कांदा हे दोन नक्की, गहू तीन पोळ्यांपर्यंत चालतो, राजम्याचं अजून कळलं नाही, एकदा त्रास झाला एकदा नाही. वजन ६६.

वहीच्या मागच्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: झोपेतून उठवणं, रक्त, ताप, खाऊनही वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी. यातलं काही झालं तर आयबीएस हा शब्द विसरून जायचं आणि डॉक्टर. रामबागकर काका, ते तुमच्यामुळे.

मंजिरी, एक विचारायचं राहिलं. कांद्याशिवाय चालतं पण लसणाशिवाय वरणाला चवच नाही म्हणून ताटावरून उठतो. काही आहे का?

मंजिरी_राजेंद्रनगर
आहे ना. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. लसणाच्या पाकळ्या अख्ख्या तेलात मंद आचेवर लाल होईपर्यंत तळायच्या, आणि पाण्याचा थेंब पडायच्या आत पाकळ्या काढून टाकायच्या. मग त्याच तेलात मोहरी, हिंग आणि फोडणी वरणावर. वरणात पाकळी टाकून नंतर वेचून काढली तर उपयोग नाही, तोवर सगळं पाण्यात उतरलेलं असतं.

पॅथॉलॉजीवाला
आणि हे तेल त्या वेळेपुरतंच करा ताई. घरचं लसणाचं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका, बंद तेलात हवा नसते आणि तिथे विषारी जंतू वाढू शकतो.

वैजू_सुदामानगर
आज रात्रीच करते. दोन वाट्या वरण खाल्लं तर उद्या सकाळी सांगते.